दीडशे पिल्लांचं ब्रूडिंग: २८ दिवसांच्या नोंदी

पहिल्यांदाच कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणून ब्रूडिंग केलं, म्हणजे बल्बच्या उबेत वाढवली, तेव्हा या नोंदी वहीत ठेवल्या होत्या. ब्रॉयलर नव्हे, अंडी आणि मांस दोन्हींसाठी पाळतात ती सावकाश वाढणारी जात. शेड २० फूट बाय १२ फूट. लांबीच्या दोन्ही बाजूंना फूटभर भिंत, त्यावर जाळी, जाळीवर पडदे. दिवस थंडीचे होते, पहाटे बाहेर १२ अंशांपर्यंत उतरायचं. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये लिहिलंय. जिथे चुकलो तिथे जास्त लिहिलंय, बाकीचं उरकलंय.

पिल्लं येण्याआधी ३ दिवस

शेड धुऊन, चुना मारून, दोन दिवस वाळवून झालं. आज भाताचं तूस पसरलं. सगळ्या शेडमध्ये नाही, फक्त अर्ध्या भागात, म्हणजे १२ बाय १० फुटांत. तीन इंचांचा थर हवा होता. अंदाजाने पाच पोती आणली होती, ती पसरल्यावर जेमतेम दोन इंच भरलं. आणखी तीन आणायला परत जावं लागलं, त्यात अर्धा दिवस गेला. लाकडाचा भुसा घरात होता, पण अगदी पिठासारखा बारीक. पिल्लं पहिले दोन दिवस समोर येईल ते टोचतात, बारीक भुसा खाद्य समजून खातात, म्हणून तो बाजूला ठेवला.

चिक गार्ड म्हणून पत्र्याची १८ इंच उंचीची पट्टी गोल लावली, व्यास सात फूट. दीडशे पिल्लांना पहिल्या आठवड्यापुरतं हे पुरतं.

आदला दिवस

बल्बचा घोळ. दर पिल्लाला साधारण दोन वॅट हा हिशोब माहीत होता, म्हणून ३०० वॅटची तयारी करायची होती. पण दुकानदाराने ‘तेवढाच उजेड, वीज कमी’ म्हणून एलईडी दिले आणि मीही घेतले. संध्याकाळी लावून बघितले तर शेड लखलखीत आणि तूस गारच! ब्रूडरला उजेड नको असतो, उष्णता हवी असते, आणि एलईडी नेमकी तीच देत नाही. जुने तारेचे १०० वॅटचे बल्ब शोधून आणेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. पत्र्याच्या टोपीखाली तीन लावले आणि थकून झोपलो, बल्ब न पेटवताच. ‘सकाळी दोन तास आधी लावू’ असं ठरवलं. ही चूक दुसऱ्या दिवशी महागात पडली.

दिवस १

सकाळी आठला बल्ब सुरू, दहाला पिल्लं आली. मोजली तर १५३. एकेकाची चोच पाण्यात बुडवून आत सोडली. थर्मामीटर ३४ दाखवत होता, म्हणून मी खुशीत.

अर्ध्या तासात बल्बखाली एकच गठ्ठा झाला. चिवचिव नेहमीसारखी नाही, कर्कश आणि न थांबणारी. खाद्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मला वाटलं, प्रवासाने दमलीत. मग एक उचलून त्याचे पाय गालाला लावले, तर बर्फ. आणखी चार बघितली, तसंच.

तेव्हा थर्मामीटर कुठे आहे ते बघितलं. मी तो टोपीच्या साखळीला अडकवला होता, बल्बच्या बरोबरीने. पिल्लू तिथे राहत नाही, पिल्लू तुसावर राहतं. काढून तुसावर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवला. दहा मिनिटांनी २६. दोन तासांत हवा तापली होती, पण खालची फरशी रात्रभर गारठलेली होती आणि तिच्यावरचं तूसही. या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. ते हळूहळू जमायला दोन आठवडे लागतात, तोवर खालून गारठा आला की ऊब थेट पायांवाटे जाते.

टोपी दीड फुटावरून एका फुटावर आणली, चौथा बल्ब जोडला, पाणी कोमट करून ठेवलं. पिल्लांजवळ ३२-३३ व्हायला संध्याकाळचे चार वाजले. म्हणजे पहिले सहा तास गेले, आणि नेमके याच तासांत त्यांनी खायला-प्यायला शिकायचं असतं.

रात्री आठला गळ्याखालची पिशवी चाचपली. २० पिल्लं वेगवेगळ्या जागांवरून उचलली. १३ जणांची पिशवी भरलेली आणि मऊ होती, चौघांची कडक, म्हणजे खाल्लंय पण पाणी नाही प्यालं, तिघांची रिकामी. एवढ्या तासांत वीसपैकी निदान सोळा तरी भरलेल्या हव्यात. रिकाम्या पिशवीवाल्यांना हाताने पाणी पाजलं.

पुढच्या खेपेला बल्ब २४ तास आधी लावणार. वीज जळेल तेवढी जळू दे.

दिवस २ आणि ३

सकाळी परत वीस तपासली, १९ भरलेल्या. पण कालच्या गारठ्याचं बिल आलंच. काल रात्री दोन, आज दोन, तिसऱ्या दिवशी आणखी एक. एकूण पाच गेली. नऊ पिल्लांच्या मागे विष्ठा चिकटून वाट बंद झालेली. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवून, सैल करून काढली. ओढून काढली तर पिसं आणि कातडी निघते, एकाचं तसं झालं. पुसून, कोरडी करूनच बल्बखाली सोडायची, नाहीतर भिजल्याने तीच परत गारठतात.

तुसावर मी मासिकांचे गुळगुळीत कागद अंथरले होते. त्यावर पाय घसरून दोघांचे पाय दोन बाजूंना फाकले. कागद काढून टाकले. पायांना लोकरीच्या धाग्याचा सैल फास बांधल्यावर त्यांतलं एक पिल्लू दोन दिवसांत सुधारलं. दुसरं त्या पाचांत गेलं.

शिल्लक १४८.

दिवस ४

आज पहिल्यांदा शांत वाटलं. पिल्लं वर्तुळभर पांगलेली, काही खातात, काही पाय ताणून झोपलेली, आवाज हळू. थर्मामीटर ३२. हेच चित्र डोक्यात ठेवायचं. बल्बखाली गठ्ठा म्हणजे थंडी. कडेला पळून, पंख सोडून, चोच उघडी टाकली म्हणजे उकाडा. आणि सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. आकडा आणि पिल्लं यांच्यात भांडण झालं तर पिल्लांचं ऐकायचं, हे मी पहिल्या दिवशी फार उशिरा शिकलो.

दिवस ५

रात्री कडाका वाढला. दोन्ही बाजूंचे पडदे पक्के बांधले, वरच्या फटीत पोती कोंबली आणि ब्रूडिंगच्या जागेवर प्लॅस्टिकचं आच्छादनही टाकलं. रात्री अकराला तापमान ३३, पहाटेही ३३. स्वतःवरच खूश होतो. हे लिहून ठेवतोय, कारण या दोन रात्रींनी पुढचे पंधरा दिवस खाल्ले.

दिवस ६

पहाटे वर बघितलं तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब. काही ठिकाणी ते टपकून तूस काळं पडलेलं. वाटलं, दव असेल. दवच होतं, पण बाहेरचं नव्हे. दीडशे पिल्लं रात्रभर श्वास सोडत होती, त्याचं पाणी होतं ते.

दुपारी बायको आत आली आणि दारातूनच मागे फिरली. “अहो, तुम्हाला काहीच जाणवत नाही? डोळ्यांत जातंय.” मला खरंच जाणवत नव्हतं, सकाळपासून आतच होतो, नाकाला सवय झालेली. बाहेर जाऊन दहा मिनिटं थांबलो, मग आत येऊन गुडघ्यांवर बसलो आणि नाक पिल्लांच्या उंचीवर नेलं. चर्रकन डोळ्यांत पाणी. अमोनिया. आपण पाच फुटांवरून वास घेतो, पिल्लं जिथे तो तयार होतो तिथेच नाक घेऊन बसलेली असतात. बारकाईने बघितलं तर दहा-बाराजणांचे डोळे अर्धे मिटलेले.

तूस हातात घेऊन दाबलं. मधल्या भागातलं मूठ उघडताच सुटं झालं, ते ठीक. ड्रिंकरजवळचं मात्र लाडवासारखं घट्ट बसलं. ओलं तूस आणि विष्ठा एकत्र आली की जिवाणू तिचा अमोनिया करतात, आणि ऊब मिळाली तर आणखी वेगाने करतात. ऊब मी दिलीच होती.

घाबरून दोन्ही बाजूंचे पडदे खालून फूटभर गुंडाळून वर केले. वास पंधरा मिनिटांत कमी झाला. संध्याकाळपर्यंत पिल्लं गार्डच्या पूर्वेकडच्या कडेला चिकटून बसली होती, सगळीच्या सगळी. पडदे परत खाली सोडले. वास परत आला. रात्रभर हाच खेळ, एक तास उघड, एक तास बंद. झोप नाही.

दिवस ७

मामांना बोलावलं. त्यांनी बरीच वर्षं कोंबड्या पाळल्यात. आत आले, एक मिनिट उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, पिल्लं पाळतोयस की लोणचं घालतोयस? बरणीचं झाकणसुद्धा एवढं घट्ट नसतं.”

मी म्हटलं, “मामा, उघडलं की गारठतात आणि बंद केलं की कोंदटतात. करू काय?”

“उघडायचंच, पण वरून. पडदा उलटा बांधलायस तू.”

खरंच उलटा होता. मी पडदा वर खिळला होता आणि खालून गुंडाळत होतो, खिडकीच्या चिकासारखा. पोल्ट्रीच्या शेडला पडद्याची खालची कड भिंतीवर पक्की ठोकायची आणि वरची कड दोरीने वरखाली करायची. म्हणजे फट पडते ती वर, छताजवळ. गरम आणि दमट हवा वरच चढलेली असते, ती तिथूनच निघून जाते. बाहेरची गार हवाही वरूनच येते, पण खाली उतरेपर्यंत आतल्या उबेत मिसळून जाते. खालून उघडलं की तीच गार हवा सरळ पिल्लांच्या अंगावर येते, आणि दमट हवा वर अडकलेली ती अडकलेलीच राहते. माझ्या कालच्या रात्रीत नेमकं हेच झालं.

चारही पडदे उतरवून उलटे लावायला दोघांना साडेचार तास लागले. आच्छादनाचं प्लॅस्टिक काढून टाकलं. दोन्ही लांब बाजूंना वर चार बोटांची फट ठेवली, रात्रीसुद्धा.

फट बरोबर आहे का ते बघायला मामांनी काडीला शिवणाचा धागा बांधून ती पिल्लांच्या उंचीवर तुसात रोवायला सांगितली. धागा सरळ लोंबकळत राहिला तर ठीक, हलायला लागला तर पिल्लांना वारा लागतोय. तीच काडी वर फटीजवळ धरली की धागा हलला पाहिजे. माझ्याकडे एका कोपऱ्यात खालचा धागा हलत होता. भिंत आणि पडदा यांच्यात बोटभर सांध होती, तिथे पोत्याची पट्टी ठोकली.

फट ठेवल्यावर आतलं तापमान दोन अंशांनी उतरलं. त्यासाठी ६० वॅटचा एक बल्ब वाढवला. हवेची किंमत ही एवढीच, एक बल्ब. मी तो वाचवायला बघत होतो.

दिवस ८

मामा गेले आणि मी परत शहाणपणा केला. ओल्या तुसावर चुना टाकला की कोरडं होतं असं ऐकलं होतं. पिल्लं आत असतानाच ड्रिंकरभोवती चुना भुरभुरवला आणि खुरप्याने मिसळला. अर्ध्या तासात अमोनिया आधीपेक्षा दुप्पट झाल्यासारखा वाटला, मलाच आत थांबवेना. मामांना फोन केला. ते म्हणाले, “चुन्याने ओल ओढली जाते हे खरं, पण ओल्या घाणीत दबून बसलेला वायू चुन्याने मोकळाही होतो. आधी ओलं काढ, पिल्लं दूर ने, मग टाकायचाच तर टाक.”

पिल्लं टोपल्यांत भरून बाहेरच्या खोलीत नेली, तिथे एक बल्ब लावला. ओल्या वड्या फावड्याने काढल्या, तीन पोती निघाली. त्या जागी दोन पोती कोरडं तूस टाकलं. पडदे पूर्ण उघडून तासभर हवा खेळवली, परत बंद करून शेड तापवली, मग पिल्लं आत. दिवसभराचं काम. डोळे मिटलेली पिल्लं तीन दिवसांत बरी झाली, त्यांतलं एकही गेलं नाही.

दिवस ९

ओल येते कुठून हे आज शांतपणे बघत बसलो. छताचं टपकणं थांबलं होतं, तरी ड्रिंकरभोवती ओल होतीच. एका ड्रिंकरसमोर वीस मिनिटं बसलो. ड्रिंकर तुसावर टेकलेला, त्याची कड पिल्लांच्या पोटाच्या उंचीवर. पिल्लू पाणी पिता पिता एक पाय आत टाकतं, दुसरं त्याला ढकलतं, तिसरं तूस उडवतं, ते पाण्यात पडतं, कड तुंबते आणि पाणी बाहेर ओघळतं. शिवाय तूस दबून ड्रिंकर एका बाजूला कललेला, त्या बाजूने थेंब थेंब गळती चालूच.

ड्रिंकरखाली सपाट विटा ठेवल्या आणि कड पिल्लांच्या पाठीच्या रेषेत आणली. मान किंचित वर करून प्यावं लागलं पाहिजे, वाकून नाही. पिल्लं वाढतील तशी दर चार-पाच दिवसांनी विटेवर फळी चढवायची. संध्याकाळपर्यंत भोवतालचं तूस सुटं झालं.

रोज किती पाणी भरतो ते आजपासून लिहायला लागलो.

दिवस ११

आज जागा वाढवली. पत्र्याची पट्टी कमी पडली म्हणून दोन सरळ पत्रे जोडून वर्तुळ लांबट केलं. त्यात एक कोपरा तयार झाला. लक्षात आलं होतं, पण ‘उद्या बघू’ म्हटलं.

रात्री वीज गेली. नेमकी कधी ते माहीत नाही. पावणेतीनला जाग आली तेव्हा अंगण काळोखं. शेडमध्ये टॉर्च मारली तर त्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, एकावर एक चार थर. वरची काढत गेलो. तळाची सात मेलेली, अंग अजून कोमट. थंडीने नाही, गुदमरून. अंधार आणि गारठा झाला की पिल्लं एकमेकांत घुसत जातात, आणि कोपरा मिळाला की मागे सरकायला जागाच राहत नाही.

घरात कोळशाची शेगडी होती, ती आत न्यायला निघालो होतो. बायकोने अडवलं ते बरं झालं. कोळशाचा धूर दिसत नसला तरी विषारी वायू निघतो, आणि त्या घाईत मी पडदे बंदच केले असते. त्याऐवजी चुलीवर पाणी तापवून दोन मोठ्या कॅन भरल्या, झाकण घट्ट केलं, पोत्यात गुंडाळल्या आणि मधोमध ठेवल्या. वर्तुळ परत लहान करून पिल्लं त्यांच्याभोवती बसवली. पहाटे साडेपाचला वीज आली तोवर कॅन कोमट होत्या, पाणी एकदा बदलावं लागलं.

शिल्लक १४१.

दिवस १२

सकाळी पहिलं काम, दोन्ही टोकांना पुठ्ठे वाकवून लावले आणि कोपरा मोडला. शेडच्या कोपऱ्यांनाही लावले, पुढे गार्ड काढल्यावर पिल्लं तिथेच जाणार आहेत. पोत्यात शिवलेल्या चार कॅन दाराशी कायमच्या ठेवल्या.

पाण्याचा हिशोब बघितला. काल साडेपाच लिटर भरलं होतं. एवढंसं अंग, त्यातलं थोडं वाढीत मुरत असेल, बाकी सगळं श्वासावाटे हवेत किंवा विष्ठेवाटे तुसात. म्हणजे रोज पाव बादलीहून जास्त पाणी मी शेडमध्ये ओततोय, आणि ते बाहेर जायची वाट एकच आहे, वरची फट. हे कळल्यापासून रात्री फट बंद करायचा हात आपोआप थांबतो. पिल्लं मोठी होतील तसं पाणी वाढणार, तशी फटही वाढवायची.

दिवस १५

दुसरा आठवडा संपला. पिल्लांजवळ ३० ठेवलं होतं, आता २७ वर आणायचं. जुन्या तक्त्यांत ९५ फॅरनहाइटपासून सुरू करून दर आठवड्याला पाच अंश कमी करा असं असतं, म्हणजे आपल्या मापात ३५ पासून दर आठवड्याला जवळपास तीन अंश. तो आकडा टोपीखालचा असतो. माझी पिल्लं थोड्या कमीवरच पांगून बसत होती. एकदम तीन उतरवायचे नाहीत. मी रोज टोपी दोन बोटं वर घेतो आणि संध्याकाळी पिल्लं कशी बसलीत ते बघतो.

तूस रोज सकाळी दाताळ्याने वरखाली करतो, पडदे अर्धे उघडून, म्हणजे धूळ आणि वायू दोन्ही निघून जातात. पाचव्या दिवसापासूनच हे करायला हवं होतं. वर कडक पापुद्रा धरला की खालची ओल आतच राहते.

दुपारी एक ड्रिंकर लवंडला, तीन लिटर पाणी सांडलं. वरून कोरडं तूस टाकून झाकलं. घाई होती.

दिवस २१

सकाळी तुसावर तपकिरी-लाल ठिपके. काही पिल्लं पिसं फुगवून, पंख सोडून एकटी उभी. दोन मेलेली. ताजी विष्ठा आणि एक मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी कापून आतडं दाखवलं, रक्ताने भरलेलं. कॉक्सिडिओसिस, आपण रक्ती हगवण म्हणतो ती.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाच-सहा दिवसांपूर्वी तूस कुठे भिजलं होतं का?” मला पंधराव्या दिवसाचा ड्रिंकर आठवला. या रोगाची बीजं विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर दिवस-दोन दिवसांत पिकतात. मग पिल्लू ती तुसाबरोबर टिपतं आणि पुढच्या आठवड्याभरात रक्त दिसतं. मी ओलं तूस कोरड्या तुसाखाली झाकून त्यांना मऊ गादीच करून दिली होती.

पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम सुरू केलं, त्यांनी लिहून दिलेल्या मात्रेने, पाच दिवस. त्या दिवसांत दुसरं साधं पाणी ठेवायचं नाही. तिथलं तूस हात खाली जाईल तिथपर्यंत उकरलं. आत अजून ओलं आणि गरम होतं. दोन पोती काढली. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन गेली, मग थांबलं.

शिल्लक १३७.

दिवस २४

दिवसा बल्ब बंद. पाठीवर आणि पंखांवर खरी पिसं आली आहेत. पडदे सकाळी दहा ते पाच पूर्ण खाली, म्हणजे उघडे, रात्री वरून हातभर फट. रात्री एक बल्ब, तोही मुख्यतः अंधारात ढीग होऊ नये म्हणून.

दिवसा बल्ब बंद करण्याआधी दोन दुपारी फक्त अर्धे मालवून बघितले होते. पहिल्या दुपारी थोडी जवळ आली, दुसऱ्या दुपारी कुणाला फरकच पडला नाही. तेवढ्यावरून ठरवलं.

दिवस २८

टोपी उतरवली, गार्ड काढलं, सगळी शेड मोकळी केली. उरलेल्या अर्ध्या भागात नवं तूस, सात पोती. म्हणजे एकूण तूस आठ अधिक दोन अधिक सात, शिवाय एकविसाव्या दिवशी भरायला दोन, एकोणीस पोती. मी सुरुवातीला पाच धरली होती.

१५३ पैकी १६ गेली. पाच गार फरशीने, सात कोपऱ्यात, चार सांडलेल्या पाण्याने. वासाने एकही नाही, पण त्या आठवड्यात डोळे मिटून बसलेली पिल्लं ओळखू येतात, अजून ती बाकीच्यांपेक्षा बोटभर बुटकीच आहेत.

काढलेलं ओलं तूस शेडपासून लांब खड्ड्यात रचलंय, वर माती टाकलीय. आज सकाळी त्यातून वाफ निघत होती. ते कुजून खत होईल. पुढच्या पिल्लांखाली यातलं मूठभरही घालायचं नाही, असं खड्ड्याजवळ पाटीवर लिहून ठेवलंय, कारण घाईच्या दिवशी मी काय करतो ते या वहीत आहेच.